स्वल्पविरामाआधी कोण? : नावांचा अकारविल्हे क्रम

आज आपण एका साध्या प्रश्नाकडे पाहू. ग्रंथालयाच्या लेखकसूचीत एखादं नाव कोणत्या अक्षराखाली शोधायचं? वर्णमाला ठरलेली आहे, म्हणजे क्रमही ठरलेला आहे, असं आपल्याला वाटतं. पण क्रम लावण्याआधी एक निर्णय घ्यावाच लागतो. नावातला कोणता शब्द पुढे आणायचा? हा निर्णय वर्णमाला घेत नाही, तो माणसाला घ्यावा लागतो.

नांदेडचंच उदाहरण घेऊ. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर. ‘जागर’च्या मुखपृष्ठावर आपण ‘नरहर कुरुंदकर’ असं वाचतो. पूर्ण नाव नरहर अंबादास कुरुंदकर. पण आपल्याकडे शाळेची हजेरी, गुणपत्रक, सरकारी अर्ज यांत आडनाव आधी लिहायची रीत आहे. त्या रीतीनं हेच नाव ‘कुरुंदकर नरहर अंबादास’ होतं. शब्द तेच तीन, फक्त जागा बदलल्या.

आता ही नावं संगणकात भरली. समजा, त्या प्रोग्रामला एवढंच शिकवलंय की शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. इंग्रजी नावांना हे बरंचसं लागू पडतं. ‘नरहर कुरुंदकर’ची नोंद बरोबर होते: ‘कुरुंदकर, नरहर’. पण ‘कुरुंदकर नरहर अंबादास’ची नोंद होते ‘अंबादास, कुरुंदकर नरहर’. वडिलांचं नाव आडनाव होऊन बसलं! दुसऱ्या ग्रंथालयात मुखपृष्ठावरचे शब्द आहेत तसेच लावले, तर तिथे ते ‘न’खाली जातात. लेखक एक, पण पुस्तकं क, अ आणि न अशा तीन ठिकाणी विखुरतात. वाचक ‘क’खाली पाहतो, दोन पुस्तकं सापडतात, आणि बाकीची इथं नाहीतच असं समजून तो परत जातो. पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखं होतं.

ही चूक ओळखायची कशी? सूचीत स्वल्पविरामाआधी काय आलंय ते पाहायचं. ‘शंकरराव, चव्हाण अशोक’ असं दिसलं की समजायचं, वडिलांचं नाव पुढे आलंय. पण ‘राव’ दिसलं की उलटवायचं, असा सरसकट नियम करता येत नाही. ‘राव’ हे कुणाचं आडनावही असू शकतं. म्हणून नाव भरतानाच आडनावाला वेगळा रकाना ठेवणं, हा खरा उपाय.

पण प्रत्येक नावाला आडनाव असतंच का? नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ घ्या. शेवटचा शब्द ‘तीर्थ’, पण ते आडनाव नव्हे. दशनामी संन्याशांच्या दहा नावांपैकी ते एक आहे. पूर्वाश्रमीचं नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. मग नोंद त, ख की र? वाचक ‘रामानंद तीर्थ’ म्हणून शोधणार, तेव्हा नोंद ‘रामानंद तीर्थ, स्वामी’ अशी ‘र’खाली करायची. ‘खेडगीकर’खाली फक्त एक चिठ्ठी ठेवायची: ‘रामानंद तीर्थ पाहा’. संगणकाच्या मार्क नोंदपद्धतीत लेखकाच्या रकान्याला हाच फरक सांगणारा आकडा जोडतात. 0 म्हणजे नोंद व्यक्तिनावानं सुरू होते, 1 म्हणजे आडनावानं.

आता लातूरकडे येऊ. शिवराज पाटील चाकूरकर. ‘पाटील’ आडनावाची माणसं या भागात इतकी, की नामसूचीत नुसत्या आडनावानं कुणीच सापडत नाही. म्हणून गावाचं नाव जोडलं जातं. जोडआडनावाची नोंद सामान्यतः पहिल्या भागाखाली करतात: ‘पाटील चाकूरकर, शिवराज’. चाकूरकर म्हणून शोधणाऱ्यासाठी ‘च’खाली ‘पाहा’ची चिठ्ठी असते. पण इथं आणखी एक खोच आहे. संगणकानं स्वल्पविराम मोजलाच नाही, तर हे नाव ‘पाटील, गणपत’ आणि ‘पाटील, जनार्दन’ यांच्या मध्ये जाऊन बसतं, जणू चाकूरकर हे व्यक्तिनाव आहे. स्वल्पविराम मोजला, तर आधी साधे पाटील सगळे संपतात आणि मग जोडआडनावाचे पाटील सुरू होतात.

म्हणजे स्वल्पविराम इथं विरामचिन्ह राहत नाही. तो एक विधान करतो: ‘याच्या आधी जे आहे, त्यानं हा माणूस शोधला जाईल.’ ते विधान चुकलं, तर पुढचा क्रम कितीही बिनचूक लावला तरी उपयोग नाही. नाव माणसाचं असतं, पण नोंद शोधणाऱ्यासाठी असते. म्हणून सूचीकारानं आधी विचारायचं, ‘वाचक याला कोणत्या नावानं हाक मारतो?’ आणि ज्या दुसऱ्या नावानं तो हाक मारू शकेल, तिथं एक चिठ्ठी ठेवायची.