भांड्यात मोजलेला डोंगर

समजा, डोंगरउतारावर एक छोटासा प्लॉट आहे. 20 मीटर लांब, 20 मीटर रुंद, आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा 2 मीटर उंच. घरासाठी तो सपाट करायचाय. वरच्या अर्ध्या भागातली माती खोदायची आणि खालच्या अर्ध्यात भरायची. माती किती निघेल? जेसीबी येण्याआधीच हे सांगता येतं, तेही घरी बसून!

आधी नकाशा बघा. त्यावरच्या समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. आपल्याकडे दर अर्ध्या मीटर उंचीला एक रेषा आहे. उतार एकसारखा असल्यामुळे त्या पाच-पाच मीटरवर येतात. आता एक मीटरला एक सेंटिमीटर धरा. अर्धा मीटर म्हणजे 5 मिलिमीटर, जवळजवळ जाड खोक्याच्या पुठ्ठ्याइतका. उंचीलाही हेच प्रमाण ठेवायचं हं! डोंगर झोकदार दिसावा म्हणून पुष्कळजण उंची वाढवतात, मग मातीचा हिशोबही तितकाच फुगतो.

20 सेंटिमीटरच्या चौकोनी पाटावर रेषांप्रमाणे कापलेले तीन पुठ्ठे एकावर एक चिकटवा. पहिला 15 सेंटिमीटर रुंद, दुसरा 10, तिसरा 5. पायऱ्या तयार झाल्या. पण जमिनीला पायऱ्या कुठे असतात? म्हणून प्रत्येक पायरीवर क्ले थापून उतार सलग करा.

आता गंमत. दुसऱ्या पुठ्ठ्याच्या वर जे काही आहे, ती खोदाई. तिथला पुठ्ठा पट्टीने मोजा: 20 × 5 × 0.5, म्हणजे 50 घन सेंटिमीटर. तिथलाच क्ले काढून मापाच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवा. पाणी साधारण 50 मिलिलिटर वर चढेल, म्हणजे आणखी 50 घन सेंटिमीटर. नुसत्या पायऱ्या मोजल्या असत्या तर निम्मी माती हिशोबातून गायब! प्रत्यक्षात प्लॉटवर याचे होतात 100 घनमीटर, म्हणजे सुमारे 35 ब्रास. आणि खालचा खड्डाही बरोबर 100 घनमीटरचाच.

म्हणजे फिटंफाट? नाही. रोलरने दाबल्यावर भराव आकसतो. समजा, 100 घनमीटर मातीचा 90 घनमीटरच भराव झाला, तर खड्डा पूर्ण भरणार नाही. अशा वेळी संपूर्ण सपाटीच थोडी खाली घेतात. या प्लॉटवर फक्त अडीच सेंटिमीटर खाली गेलं, की खोदाई 105 घनमीटर होते, भरावाची गरज 95 वर येते आणि हिशोब जुळतो. ट्रकमध्ये मात्र हीच माती भुसभुशीत होऊन फुगते, त्यामुळे फेऱ्या मोजताना पुन्हा वेगळा आकडा धरावा लागतो.

आणि दोन रेषांच्या मधे एखादा छोटा उंचवटा असेल, तर तो नकाशात दिसतच नाही. तिथे प्लॉटवर जाऊन उंची मोजायची आणि क्लेचा छोटा गोळा वाढवायचा.