मूत्रविसर्जनाचे नियंत्रण

मूत्रपिंडांत मूत्र अखंड तयार होत असते. ते बाहेर टाकले जाते ते मात्र दिवसातून मोजक्या वेळी. मधल्या काळात ते मूत्राशयात साठते. मूत्राशयाची भित्ती स्नायूंची असते. मूत्र वाढत जाते तशी ती सैलावत जाते आणि त्यामुळे आतील दाब फारसा वाढत नाही. प्रौढ माणसात सुमारे १५० ते २०० मिलिलिटर मूत्र साठले की पहिली जाणीव होते. ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत ती निकडीची बनते.

भित्ती ताणल्याची वार्ता मज्जातंतूंवाटे मेरुरज्जूच्या अगदी खालच्या भागात पोचते आणि तेथून वर मस्तिष्कस्तंभातील ‘सेतू’ या भागाकडे जाते. योग्य वेळ येईपर्यंत मोठा मेंदू तेथील केंद्राला रोखून धरतो. रोध उठताच ते केंद्र एकाच वेळी दोन आज्ञा देते : मूत्रमार्गाभोवतीच्या वलयाकार स्नायूने सैल व्हावे आणि मूत्राशयाच्या भित्तीने आकुंचन पावावे. या केंद्राचे स्थान बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. सेतूतील तो लहानसा भाग नष्ट केल्यावर त्या मांजरांना मूत्राशय रिकामा करता येईना.

माणसात हा दुवा तुटला तर काय होते? समजा, झाडावरून पडून एखाद्याच्या पाठीच्या मध्यभागी मेरुरज्जू पूर्णपणे तुटला. पहिले काही आठवडे मूत्राशय निश्चेष्ट राहतो. तो तुडुंब भरतो आणि मूत्र थेंबथेंब गळू लागते. रुग्णाला लघवी होत आहे, असा समज करून घेणे येथे घातक ठरते. ओटीपोटात हाताला लागणारा ताठ गोळा खरी स्थिती सांगतो. अशा वेळी नळी घालून मूत्र काढावे लागते.

पुढे मेरुरज्जूच्या खालच्या भागातील प्रतिक्षिप्त क्रिया परत येते. आता २०० मिलिलिटर मूत्र साठले, की रुग्णाच्या नकळत भित्ती आकुंचन पावते. परंतु सेतूची आज्ञा खाली पोचत नसल्याने वलयाकार स्नायूही त्याच क्षणी आवळला जातो. समजा, ५० मिलिलिटर मूत्र कसेबसे बाहेर पडले. नंतर नळी घातली असता उरलेले १५० मिलिलिटर मिळते आणि दोष उघड होतो. साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात. वाढलेला दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचून कालांतराने ती निकामी करू शकतो, आणि रुग्णाला वेदना मात्र जाणवत नाही.

म्हणून अशा रुग्णास दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामा करण्यास शिकवतात. अमेरिकन शल्यविशारद लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये ही पद्धती पुढे आणली. आकुंचनाचा जोर फार असेल तर तो कमी करणारी औषधेही देतात. तुटलेला दुवा त्यामुळे जुळत नाही. मूत्रपिंडे मात्र वाचतात.