एका ग्रॅमसाठी काय मागवायचं?

‘ट्रान्झिस्टरच्या १० मॅच्ड जोड्या आणि चांगल्या टॉलरन्सचे १० के रेझिस्टर हवेत. भाव कळवा.’ लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या विक्रेत्याला असा मेसेज पाठवला, तर भाव लगेच येईल. पण हातात नेमकं काय पडेल, हे त्यातून ठरत नाही. कुठल्या बाबतीत मॅच्ड? चांगलं टॉलरन्स म्हणजे किती? ही उत्तरं विक्रेत्याने द्यायची नसतात, ती आपल्या उपकरणातून काढायची असतात.

उदाहरण घेऊ १० किलोच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं. त्यातल्या लोडसेलला १० व्होल्ट दिले, की पूर्ण १० किलोला तो साधारण २० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एका ग्रॅमला फक्त २ मायक्रोव्होल्ट. हा इवलासा सिग्नल दोन तारांमधला फरक असतो आणि त्या दोन्ही तारा ५ व्होल्टच्या आसपास असतात.

पहिल्या टप्प्यावर ट्रान्झिस्टरची जोडी बसते. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. समजा, दोन सुटे BC547 शेजारी लावले आणि वाऱ्याच्या झुळकीने एक दुसऱ्यापेक्षा ०.१ अंशाने गार झाला. फरक पडला २०० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे काट्यावर १०० ग्रॅम! म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर हवेत.

तरी दोघांमध्ये थोडा फरक राहतोच. तो १ मिलिव्होल्ट असेल, तर दर अंशाला सुमारे ३.३ मायक्रोव्होल्टने सरकतो, म्हणजे दीड ग्रॅमहून जास्त. तोच फरक २०० मायक्रोव्होल्टच्या आत असेल, तर सरकणं ग्रॅमच्या सुमारे एक तृतीयांशाच्या आत येतं. मेसेजमध्ये लिहायचा आकडा हा.

पुढे चार रेझिस्टर मिळून वजाबाकी करतात: दोन्ही तारांवरचे सामाईक ५ व्होल्ट वगळायचे, फरक तेवढा ठेवायचा. चारही रेझिस्टर सारखे नसतील, तर ही वजाबाकी अपुरी राहते. १ टक्क्याचे रेझिस्टर घेतले आणि चारही उलटसुलट दिशांना चुकले, तर ५ व्होल्टमधले १०० मिलिव्होल्ट निसटतात, ०.१ टक्क्याचे घेतले, तर १०. आधीच्या टप्प्यात सिग्नल वाढवून घेतला, की ही चूक तितक्या पटीने कमी होते, पण नाहीशी होत नाही.

स्थिर चूक काट्याच्या ‘झीरो’ बटणाने पुसता येते. तापमानाबरोबर सरकणारी चूक मात्र बटण दाबल्यावरही सरकतच राहते. १०० पीपीएमचा रेझिस्टर १० अंश तापला, तर ०.१ टक्क्यापर्यंत सरकू शकतो. मग ०.१ टक्का टॉलरन्ससाठी मोजलेले जादा पैसे वायाच गेले. म्हणून टॉलरन्सच्या जोडीला पीपीएमही मागायचा.

आता मेसेज असा होतो:

‘नमस्कार. १) MAT12, १० नग. एकाच चिपवरची जोडी हवी. व्होल्टेजमधला फरक जास्तीत जास्त २०० मायक्रोव्होल्ट. निवडून जुळवलेले सुटे ट्रान्झिस्टर चालणार नाहीत. २) १० के मेटल फिल्म रेझिस्टर, ०.१ टक्का, २५ पीपीएम किंवा कमी, ४० नग, एकाच लॉटमधले. पर्यायी माल असेल, तर पाठवण्याआधी पार्ट नंबर आणि डेटाशीट पाठवा. मूळ पॅकिंगचा फोटो आणि जीएसटीसह भाव कळवावा.’

पर्यायाबद्दलचं वाक्य महत्त्वाचं. LM394 ही एके काळची नावाजलेली जोडी आता बनत नाही. त्या नावाने स्वस्त माल दिसला, तर नकली असण्याचा संशय धरावा.

माल आल्यावर तपासणी घरीही होते. जोडीतल्या दोन्ही ट्रान्झिस्टरमधून सारखा करंट सोडून त्यांच्या व्होल्टेजमधला फरक मोजावा आणि डबीच्या एका बाजूला बोट टेकवावं. आकडा मिलिव्होल्टच्या भाषेत पळू लागला, तर आत दोन वेगळे तुकडे आहेत. रेझिस्टरचं मात्र साध्या मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजून भागत नाही, कारण मीटरच त्याहून जास्त चुकतो. चार रेझिस्टरचा ब्रिज करून त्याला १० व्होल्ट द्यावेत आणि दोन मध्यबिंदूंमधला व्होल्टेज पाहावा. ०.१ टक्क्याचे असतील, तर तो १० मिलिव्होल्टच्या वर जाणार नाही.

एवढं सगळं करण्याआधी एक पाहावं. तयार इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायरच्या चिपमध्ये अशी जोडी आणि बहुधा लेझरने जुळवलेले रेझिस्टर आधीच असतात. तिच्या डेटाशीटमधला नॉइज आणि ड्रिफ्ट आपल्या ग्रॅमच्या हिशेबात बसत असेल, तर मेसेजमध्ये त्या चिपचा पार्ट नंबर लिहिलेलाच बरा.