मागणी चेकच्या रकमेचीच

उधारीवर माल नेलेल्या गिऱ्हाईकाचा चेक परत आला, की दुकानदार आधी फोन उचलतो. पलीकडून ठरलेले उत्तर येते, ‘शेठ, चार दिवसांनी पुन्हा लावा, नक्की वटेल.’ चार दिवसांचे पंधरा होतात, पंधरांचा महिना होतो आणि मग कोणीतरी सुचवते, ‘एकशे अडतीसची नोटीस पाठवा.’ सल्ला बरोबर असतो, पण अनेकदा तोवर नोटिशीची मुदत उलटून गेलेली असते.

ही एकशे अडतीस म्हणजे 1881च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम. कायदा ब्रिटिश काळातला असला, तरी चेक न वटणे हा गुन्हा ठरला तो 1 एप्रिल 1989पासून. त्याआधी अशा पैशासाठी मुख्यतः दिवाणी दावाच लावावा लागे. आज या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. चेक परत आला त्या क्षणी गुन्हा घडलेला नसतो. चेक देणाऱ्याला लेखी नोटीस देऊन पैसे मागावे लागतात, त्याला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांची संधी द्यावी लागते, आणि तेवढ्या दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तरच गुन्हा पूर्ण होतो. म्हणजे ही नोटीस नुसती धमकी नसते. ती नसेल किंवा चुकीची असेल, तर पुढची फिर्याद उभीच राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीतल्या एका हार्डवेअर दुकानातून एक बांधकाम कंत्राटदार नेहमी सिमेंट आणि सळई उधारीवर नेतो. त्याच्याकडे एकूण 4,12,000 रुपये येणे आहे. त्यापैकी काही बिलांपोटी त्याने 5 जानेवारी 2026 या तारखेचा 1,85,000 रुपयांचा चेक दिला. दुकानदाराने तो आपल्या खात्यात भरला आणि 8 जानेवारीला बँकेने चेक परत दिला. सोबत मेमो होता आणि त्यावर कारण होते, ‘फंड्स इनसफिशियंट’, म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

तो मेमो म्हणजे या प्रकरणाची जन्मतारीख. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे. माहिती मिळाली तो दिवस सोडून मोजायचे, म्हणजे आपल्या दुकानदाराला 7 फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. पूर्वी ही मुदत फक्त 15 दिवसांची होती, 2002च्या दुरुस्तीने ती दुप्पट झाली. बँकेचा मेसेज आधी आला आणि मेमो नंतर हातात पडला, तर शहाण्याने आधीची तारीख धरावी. नंतर त्यावर वाद नको.

आता नोटिशीत काय लिहायचे? कायद्याने तिचा कोणताही छापील नमुना दिलेला नाही. ती वकिलानेच पाठवावी असेही नाही, दुकानदार स्वतःच्या सहीने पाठवू शकतो. नोटीस वाचणाऱ्याला कोणत्या चेकबद्दल बोलणे चालले आहे हे नेमके कळले पाहिजे. म्हणून चेकचा नंबर, तारीख, रक्कम, बँक आणि शाखा, तो कशापोटी दिला, कधी भरला, कधी आणि कोणत्या कारणाने परत आला, एवढा तपशील यायला हवा. खाते कंपनीचे असेल तर नोटीस कंपनीच्या नावाने हवी, नुसत्या मालकाच्या किंवा संचालकाच्या नावाने नको.

पण नोटिशीचा प्राण आहे मागणीच्या वाक्यात. आपल्या उदाहरणात ते साधारण असे असेल: ‘सबब, सदर चेकची रक्कम रु. 1,85,000 (अक्षरी एक लाख पंच्याऐंशी हजार फक्त) ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत द्यावी.’ बस. याच वाक्यात सगळ्यात जास्त गफलती होतात, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी चेक नसतो, सगळी थकबाकी असते. रागाच्या भरात तो लिहून टाकतो, ‘माझे 4,12,000 रुपये ताबडतोब द्या.’

असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. राहुल बिल्डर्स विरुद्ध अरिहंत फर्टिलायझर्स या 2007च्या निकालातला चेक होता एक लाखाचा, पण नोटिशीत बिलांची सगळी बाकी, म्हणजे 8,72,409 रुपये मागितले होते. चेकच्या रकमेची वेगळी मागणी नव्हती. न्यायालयाने नोटीस ग्राह्य धरली नाही. कलमाला चेकच्या रकमेची मागणी हवी असते. बाकीची उधारी खरी असली, तरी ती वसूल करण्याची जागा ही नव्हे.

याचा अर्थ नोटिशीत दुसरा आकडाच येऊ नये असा नाही. सुमन सेठी प्रकरणात 2000 साली न्यायालयाने सांगितले की चेकच्या रकमेची स्पष्ट मागणी असेल आणि नोटिशीचा खर्च, व्याज यांसारख्या गोष्टी वेगळ्या दाखवल्या असतील, तर नोटीस चालते. म्हणून आपल्या दुकानदाराने एकूण बाकीचा उल्लेख करायचाच असेल, तर वेगळ्या परिच्छेदात करावा आणि 15 दिवसांची मुदत फक्त चेकच्या रकमेला जोडावी. खरे तर न केलेलाच बरा.

या बाबतीत न्यायालय किती काटेकोर आहे, हे सप्टेंबर 2025मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या निकालात दिसले. चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत मागितले होते दोन कोटी. पाठवणाऱ्याचे म्हणणे होते की ही निव्वळ टायपिंगची चूक आहे. पण नोटीस दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा आकडा तोच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मागणीची रक्कम चेकच्या रकमेशी तंतोतंत जुळली पाहिजे, टायपिंगची चूक हा बचाव होऊ शकत नाही, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. निकाल कठोर वाटतो, पण त्यामागचा विचार पटतो. ज्या कागदावर समोरच्याला तुरुंगात जावे लागू शकते, त्यावर त्याने नेमके किती दिले म्हणजे तो सुटेल, हे स्वच्छ लिहिलेले असलेच पाहिजे.

आणखी एक खाच आहे, आणि ती व्यापारात रोजची आहे. समजा, चेक दिल्यावर पण तो भरण्याआधी कंत्राटदाराने 50,000 रुपये ऑनलाइन पाठवले. आता चेकवर 1,85,000 आहेत आणि त्यापोटी देणे उरले 1,35,000. दशरथभाई पटेल प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा वेळी मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करावी आणि उरलेल्या रकमेसाठी तो भरावा. तसे न करता पूर्ण रकमेचा चेक लावला आणि पूर्ण रक्कम मागितली, तर गुन्हा होत नाही. व्यवहारात सोपा मार्ग म्हणजे जुना चेक परत देऊन उरलेल्या रकमेचा नवा घेणे.

परत दुकानदाराकडे. त्याने 22 जानेवारीला नोटीस पाठवली. पोस्टाने 2025मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केल्यामुळे ती पोचपावतीसह स्पीड पोस्टाने गेली. पाठवल्याची पावती, नोटिशीची प्रत आणि पोस्टाच्या वेबसाइटवरच्या ट्रॅकिंगची छापील प्रत त्याने फाइलला लावली. कंत्राटदाराला ती 27 जानेवारीला मिळाली. तो दिवस सोडून 15 दिवस मोजले, की 11 फेब्रुवारी येते. त्या दिवसअखेरपर्यंत पैसे आले नाहीत, तर 12 तारखेला फिर्यादीचे कारण घडते आणि तिथून एक महिन्यात, म्हणजे 12 मार्चपर्यंत, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल करावी लागते. पोलीस ठाण्यात जाऊन उपयोग नसतो. दुकानदाराचे खाते ज्या शाखेत आहे, त्या भागातल्या न्यायालयात ती जाते.

घाई केली तरी फसते. 11 तारखेच्या आधीच फिर्याद ठोकली, तर ती फिर्यादच नव्हे, असे योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात 2014 साली ठरले आहे.

नोटीस घ्यायचीच नाही, ही युक्तीही जुनी झाली. ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’ असे शेरे मारून पाकीट परत आले, तरी पत्ता बरोबर असेल तर ती मिळाली असे न्यायालय गृहीत धरते. सी. सी. अलवी हाजी प्रकरणात 2007 साली न्यायालयाने यावर चांगला तोडगा दिला. ज्याला नोटीस खरोखरच मिळाली नाही, त्याने समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम भरावी आणि फिर्याद फेटाळण्याची विनंती करावी. जो तेही करत नाही, त्याला नोटीस मिळाली नव्हती ही तक्रार करता येत नाही.

हे गिऱ्हाईकाच्याही कामाचे आहे. नोटीस आली म्हणजे पोलीस दारात आले असे समजून घाबरू नये, पण ती कपाटात टाकूनही देऊ नये. चेकचा नंबर आणि रक्कम जुळवून पाहावी. देणे मान्य असेल तर पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम बँकेतून पाठवावी, रोख नको, आणि चेक परत घेऊन तसे लेखी घ्यावे. थोडे पैसे देऊन वेळ मारून नेली तर गुन्हा टळत नाही. मान्य नसेल, माल खराब निघाला असेल किंवा पैसे आधीच दिलेले असतील, तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे. चेकवरची सही मान्य केली, की तो देण्यापोटीच दिला होता असे कायदा धरून चालतो. ते खोडण्याचा भार चेक देणाऱ्यावर असतो आणि वेळच्या वेळी दिलेले उत्तर तिथे उपयोगी पडते.

फोनवर महिना घालवलेल्या दुकानदाराला मात्र एक वाट उरते. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिने चालतो. तेवढ्या काळात तो पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून नवे 30 दिवस मिळतात. एमएसआर लेदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले आहे. तीन महिनेही उलटले, तर या कलमाचा रस्ता बंद होतो आणि दिवाणी दावाच उरतो. फिर्याद दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाची माफी मागता येते. नोटिशीच्या 30 दिवसांना मात्र अशी माफी कायद्यात नाही. म्हणून मेमो हातात पडला, की त्याच दिवशी तिसाव्या दिवसाची तारीख त्यावर लिहून ठेवा.