वाळूत इंजिन दम का सोडतं?

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकडीवर चढ निम्मा होतो न होतो तोच, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असूनही इंजिनाचा आवाज बसत जातो. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकतं आणि गाडी थांबते. बिघाड काहीच नसतो. ट्रॅक्शन कंट्रोल नेमून दिलेलं कामच करत असतं.

चाक घसरतंय असं सेन्सरने कळवलं की ही यंत्रणा दोन गोष्टी करते : इंजिनाची ताकद कमी करते आणि घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते. ओल्या डांबरी रस्त्यावर दोन्ही हवंच. मऊ वाळूत मात्र चाकं थोडी फिरत राहिली तरच गाडी पुढे सरकते. ताकद कापली की वेग मरतो.

म्हणून टेकडीच्या पायथ्याशीच टायरची हवा 18 पीएसआयच्या आसपास उतरवावी. बटणापेक्षा याचाच उपयोग जास्त, असं माझं मत आहे. मग सँड मोड निवडावा. तो चाकांना जास्त फिरू देतो आणि इंजिनाचा जोर टिकवतो. मोड नसेल किंवा तरीही ताकद कापली जात असेल, तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. नुसतं टिचकीसरशी दाबलं तर ते अर्धवटच बंद होतं. थांबताना ब्रेक मारू नये, गाडी आपोआप मंदावू द्यावी, कारण ब्रेकने चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो.

बंद केल्यावर कान उघडे हवेत. इंजिन गरजतंय आणि गाडी खाली बसतेय, म्हणजे चाकं खड्डा खणतायत. लगेच पाय काढा, चाकांपुढची-मागची वाळू उपसा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे या.

सह्याद्रीतल्या पावसाळी कच्च्या वाटेवर हिशेब बदलतो. खोल चाकोरीत एक चाक अधांतरी लोंबकळलं की सगळा जोर त्याच मोकळ्या चाकाकडे पळतो. तेव्हा त्या चाकाला लागणारा ब्रेकच जोर जमिनीवरच्या चाकाकडे वळवतो. डिफरन्शियल लॉक नसलेल्या गाडीत इथे ट्रॅक्शन कंट्रोल बंद करणं म्हणजे हातची मदत घालवणं. मड मोड लावून अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरावा. करकर आवाज येईल. घाबरून पाय उचलू नये, ब्रेकला पकड घ्यायला क्षणभर लागतो.

मनालीच्या पुढे बर्फ लागला तर स्नो मोड आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालूच. हा मोड अ‍ॅक्सिलरेटर मवाळ करतो, म्हणजे पाय जरा जास्त पडला तरी चाकं एकदम उसळत नाहीत. घट्ट झालेल्या बर्फावर मात्र कुठलाच मोड ब्रेकचं अंतर कमी करत नाही. तिथे साखळ्या किंवा बर्फाचे टायरच लागतात. गाडी ताज्या, भुसभुशीत बर्फात रुतून पुढे-मागे झुलवून काढायची असेल, तेवढ्यापुरतं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं आणि सुटका होताच परत चालू करावं.