दुसऱ्यांदा ‘समजलं नाही’ म्हणताना

मोबाइलवर मेसेज येतो, ‘आपला सिलिंडर पोहोचवण्यात आला आहे.’ दारात सिलिंडर नसतो आणि एजन्सीचा फोन लागत नाही. मग ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चॅटबॉटला लिहितो, ‘सिलिंडर आला नाही आणि मेसेज आलाय मिळाला म्हणून.’ उत्तर येतं, ‘क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया वेगळ्या शब्दांत सांगाल का?’ ग्राहक वाक्य आवरतं घेतो, ‘सिलिंडर मिळाला नाही.’ पुन्हा तेच क्षमस्व. आता चिडून तो नुसतं ‘सिलिंडर’ लिहितो, आणि बॉट आनंदाने नव्या बुकिंगचा फॉर्म पुढे करतो.

या छोट्याशा संवादात बरंच काही बिघडलं आहे. ‘वेगळ्या शब्दांत सांगा’ म्हटल्यावर माणूस सहसा शब्द कमी करतो, आणि शब्दांबरोबर माहितीही गळते. पहिल्या वाक्यात तक्रारीचा सगळा मजकूर होता. तिसऱ्यात फक्त एक वस्तू उरली.

अशा बॉटकडे ठरावीक कामांची यादी असते: नवीन बुकिंग, बुकिंग कुठवर आलं, तक्रार, पत्ता बदलणं. आलेलं वाक्य यांपैकी कोणत्या कामाशी किती जुळतं, याला तो शून्य ते एक यांमधला आकडा देतो. सर्वांत मोठा आकडासुद्धा ठरवलेल्या मर्यादेखाली राहिला, की ‘समजलं नाही’चा मजकूर जातो. आपल्याकडे लोक मराठी रोमन लिपीतही लिहितात, एकच शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे आकडा घसरायला वेळ लागत नाही. यात गैर काही नाही, न समजणं होणारच. गैर हे आहे की तो मजकूर बहुधा एकदाच लिहून ठेवलेला असतो. वाक्य जुळलं नाही की दर वेळी तोच जातो. माफीचं चक्र इथे सुरू होतं.

माणसं एकमेकांशी असं वागत नाहीत. मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासून 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही, तर ऐकणारा तीनपैकी एका प्रकारे विचारतो. एकतर नुसतं ‘काय?’. किंवा ‘कोण येणार म्हणालास?’, म्हणजे बाकीचं कळलं, एवढंच राहिलं. किंवा ‘सुनीतामावशी येणार ना?’, म्हणजे मला हे कळलंय, फक्त हो म्हण. या तिन्हींमध्ये जितकं नेमकं विचारता येईल तितकं नेमकं विचारण्याकडे माणसाचा कल असतो, असं त्या अभ्यासात दिसलं. बोलणाऱ्यावरचा भार ऐकणारा आपल्याकडे घेतो. बॉटचं ‘समजलं नाही’ मात्र दर वेळी नुसतं ‘काय?’ असतं. कुठे अडलं ते ग्राहकाला कळतच नाही, मग तो दुरुस्त काय करणार?

म्हणून पहिल्या वेळीच, जेवढं कळलं तेवढं सांगावं. आपल्या ग्राहकाच्या वाक्यात ‘सिलिंडर’ तर ओळखू आलाच होता. मग उत्तर असं हवं: ‘सिलिंडरबद्दल विचारताय एवढं कळलं. नवीन बुकिंग करायचंय, की आधीच्या बुकिंगची चौकशी आहे?’ यात माफी नाही आणि ती चुकल्यासारखी वाटतही नाही.

दुसऱ्या वेळी मात्र पुन्हा लिहायला सांगणं बंदच करावं, असं माझं ठाम मत आहे. दोनदा लिहून भागलं नाही, तर अडचण ग्राहकाच्या शब्दांत नाही, बॉटच्या यादीत आहे. ग्राहक टाइप करतो त्याऐवजी आता त्याला नुसतं निवडता आलं पाहिजे: ‘माफ करा, अजून नेमकं कळलं नाही. यातलं काही आहे का?’ आणि खाली तीन बटणं: ‘सिलिंडर मिळाला नाही’, ‘पैसे जास्त घेतले’, ‘माणसाशी बोलायचंय’. माफी इथे एकदाच, अर्ध्या ओळीत, आणि तिच्यामागे लगेच पुढची वाट.

व्हॉट्सअ‍ॅपवर अशी तीनच बटणं देता येतात आणि प्रत्येकावर वीस अक्षरांची मर्यादा असते. संगणक काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतो. त्या हिशेबाने ‘सिलिंडर मिळाला नाही’ हे मधल्या जागांसकट 19 भरतं. मराठी मजकूर इंग्रजी बटणांचं भाषांतर करून बसवला, तर तो मावत नाही आणि मग ‘वितरण तक्रार’सारखं कुणी न बोलणारं काहीतरी तिथे येतं. बटणावर ग्राहकाच्या तोंडचं वाक्यच असावं. माणसाशी बोलण्याचं बटणही याच टप्प्यावर हवं, पाचव्या-सहाव्या प्रयत्नानंतर नव्हे.

पण शब्द कितीही चांगले लिहिले तरी ते वेळेवर जाण्यासाठी बॉटने मोजायला हवं. ही कल्पना जुनी आहे. फोनवरच्या यंत्रणांसाठी 2004 साली प्रमाण ठरलेल्या व्हॉइसएक्सएमएलमध्येच कितव्यांदा समजलं नाही यावरून वेगळा मजकूर ऐकवण्याची सोय होती:

```
<nomatch count="2">
```

मोजणीत दोन चुका नेहमी सापडतात. ग्राहक वैतागून मुख्य मेनूवर गेला, की मोजणी शून्यावर येते. परत आला की पहिल्यापासून ‘समजलं नाही’. दुसरी चूक अधिक लपलेली असते. बॉटने ‘सिलिंडर’ वाचून बुकिंगचा फॉर्म दिला, ते त्याच्या नोंदीत यश म्हणून जमा झालं. ग्राहकाने ‘नाही हो, ते नाही’ लिहिलं तरी ते अपयश धरलं गेलं नाही. त्यामुळे ग्राहकाचा नकार, आणि तेच वाक्य पुन्हा पाठवणं, हेही मोजलं पाहिजे. अलीकडचे मोठ्या भाषा-मॉडेलवर चालणारे बॉट तर ‘समजलं नाही’ क्वचितच म्हणतात. ते चुकीचं उत्तर नीट वाक्यांत देतात, हरकत घेतली की दिलगिरी व्यक्त करतात आणि तेच उत्तर शब्द बदलून पुन्हा देतात. तिथे मोजायला ग्राहकाची हरकत एवढीच खूण हाती उरते.

कधी कधी बॉटला समजलेलं असतं, पण ते काम त्याच्या हातात नसतं. सिलिंडर मिळाल्याची चुकीची नोंद खोडणं हे असंच काम. तिथे ‘समजलं नाही’ म्हणणं खोटं आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस शब्द शोधत बसतो. ‘ही नोंद मला बदलता येत नाही, वितरक बदलू शकतो. तक्रार त्यांच्याकडे पाठवू का?’ एवढं पुरतं.

आणि एका बाबतीत मोजणीची वाटच पाहायची नाही. वाक्यात ‘वास येतोय’ किंवा ‘गळती’ असं काही दिसलं, की पहिल्याच उत्तरात रेग्युलेटर बंद करायला, खिडक्या उघडायला, विजेचं बटण न दाबायला आणि बाहेर पडून 1906 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला सांगायचं. आकडा मर्यादेखाली असला तरीही.

माणसाकडे सोपवताना सगळा संवाद पुढे गेला पाहिजे, नाहीतर पलीकडचा कर्मचारी पुन्हा ग्राहक क्रमांकापासून सुरुवात करतो. रात्री नऊला पलीकडे कोणी नसेल, तर ‘लवकरच संपर्क करू’ लिहू नये. त्याऐवजी असं लिहावं: ‘आता कार्यालय बंद आहे. सिलिंडर न मिळाल्याची तुमची तक्रार नोंदवली आहे, क्रमांक खाली दिला आहे. उद्या सकाळी दहानंतर वितरकाकडून फोन येईल. तुम्हाला पुन्हा काही लिहावं लागणार नाही.’ हे शेवटचं वाक्य मात्र तक्रार खरोखर पुढे जाणार असेल तरच लिहावं.