कपलिंगआधी मोटारचे पाय तपासा

नवा पंपसेट कारखान्यातून अलाइन होऊन आला, तरी वाहतुकीत आणि ग्राउटिंगमध्ये बेसप्लेट पीळ खाऊ शकते. म्हणून जागेवर तपासणी पुन्हा करावीच लागते.

सुरुवात मोटारच्या पायांपासून. चारही बोल्ट आवळून एकेका पायावर डायल गेज लावायचा आणि तेवढाच बोल्ट सैल करायचा. काटा ०.०५ मिलिमीटरहून जास्त सरकला, तर पाय नीट टेकलेला नाही. तिथे शिम हवी.

मग कपलिंग. गेज वर शून्य आणि खाली ०.२० दाखवत असेल, तर शाफ्टमधला खरा फरक निम्मा, म्हणजे ०.१० असतो. नवखे इथेच दुप्पट शिम घालतात!

चालू केल्यावर शाफ्टच्या दिशेने कंपन जास्त आणि फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेला शिखर दिसले, तर अलाइनमेंटवर संशय घ्यावा. १४८० आरपीएमच्या मोटारीत ते ४९ हर्ट्झजवळ येते.

पहिल्या दिवसाची रीडिंग जपून ठेवा.